फोन खिशात थंड, गेममध्ये गरम: चिपमधला इन्व्हर्टर वीज नेमकी कधी खातो?

मागच्या महिन्यात रविवारी चुलत बहीण भाईंदरला आमच्याकडे आली होती. ती अकरावी सायन्सला आहे. विरारहून येताना ट्रेनमध्ये तिने अर्धा तास गेम खेळला होता. घरात आल्या आल्या तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दादा, हात लावून बघ, कसा तापलाय! पण रात्रभर उशाशी असतो तेव्हा एकदम थंड असतो. प्रोसेसर तर दोन्ही वेळी चालूच असतो ना? मग फरक कशाचा?"

मी म्हटलं, "याचं उत्तर दोन ट्रान्झिस्टरच्या एका सर्किटमध्ये आहे. त्याला इन्व्हर्टर म्हणतात."

"म्हणजे लाइट गेल्यावर पंखा चालतो तो?"

नाही, तो नाही! तुमचाही हाच गोंधळ होऊ नये म्हणून सुरुवातीलाच सांगतो. घरातला इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसीचं एसी करतो. चिपमधला इन्व्हर्टर फक्त उलटं बोलतो: इनपुटला १ दिला की आउटपुटला ०, आणि ० दिला की १. बस, एवढंच काम. पण तुमच्या फोनच्या प्रोसेसरमधली बहुतेक सगळी लॉजिक सर्किट्स याच घडणीची असतात, त्याला सीमॉस म्हणतात. हा एक इन्व्हर्टर नीट समजला की फोन कधी आणि का तापतो, हेही समजतं. नुसतं वाचून सोडायचं नसेल तर साध्या मल्टिमीटरने हे घरी मोजताही येतं. मी मोजलं, आणि पहिल्या प्रयत्नात चांगलाच फसलो. तेही सांगतो.

दोन नळ, एक दांडी

आपल्याकडे बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. समजा टाकीतून एक पाइप खाली येतो आणि त्यावर एक नळ आहे. त्या नळानंतर एक उभा पाइप जोडलाय, तो खालून भरत जातो. त्याच उभ्या पाइपच्या तळाशी दुसरा नळ आहे, तो उघडला की पाणी गटारात जातं. आता दोन्ही नळ एकाच दांडीला अशा पद्धतीने जोडा की वरचा उघडला की खालचा बंद होईल, आणि खालचा उघडला की वरचा बंद.

सीमॉस इन्व्हर्टर असाच असतो. टाकी म्हणजे बॅटरीचा प्लस. गटार म्हणजे ग्राउंड. वरचा नळ म्हणजे पीमॉस ट्रान्झिस्टर आणि खालचा नळ म्हणजे एनमॉस ट्रान्झिस्टर. दांडी म्हणजे इनपुट, कारण दोघांची गेट नावाची टोकं एकत्र जोडलेली असतात. एनमॉसच्या गेटला जास्त व्होल्टेज दिलं की तो चालू होतो. पीमॉसचं उलटं, त्याच्या गेटला कमी व्होल्टेज दिलं की तो चालू होतो. इनपुट ० असेल तर पीमॉस चालू आणि एनमॉस बंद, म्हणून आउटपुट प्लसला जोडलं जातं, म्हणजे १ होतं. इनपुट १ असेल तर पीमॉस बंद आणि एनमॉस चालू, आउटपुट ग्राउंडला जोडलं जातं आणि ० होतं.

आता मुख्य गोष्ट बघा. दोन्ही ट्रान्झिस्टर एकामागोमाग एकाच रांगेत आहेत. प्लसपासून ग्राउंडपर्यंत करंट जायचा तर दोघंही एकाच वेळी चालू हवेत. पण इनपुट पक्कं ० किंवा पक्कं १ असेल तर दोघांतला एक हमखास बंद असतो. म्हणून टाकीपासून गटारापर्यंत सरळ वाट कधीच खुली राहत नाही.

मग आउटपुटमधून पुढे करंट जात असेल का? पुढे काय जोडलेलं असतं, तर पुढच्या इन्व्हर्टरची गेट. गेट आणि खालचं सिलिकॉन यांच्यामध्ये इन्सुलेटरचा पातळ थर असतो. त्यातून सतत करंट वाहत नाही. गेट फक्त चार्ज साठवते, एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखी. एकदा भरली की मागणी संपली. थोडक्यात, पुढे जायला वाट नाही आणि खाली जायलाही नाही, म्हणून इन्व्हर्टर स्वस्थ बसलेला असताना करंट जवळजवळ शून्य.

हे ऐकायला साधं वाटतं, पण आधीच्या सर्किटमध्ये असं नव्हतं. नुसत्या एनमॉसच्या लॉजिकमध्ये खालचा नळ असायचा, पण वरच्या नळाच्या जागी कायम उघडा असलेला भार, समजा एक रेझिस्टर. आउटपुट ० असताना खालचा नळ उघडा आणि वरची वाटही उघडी, त्यामुळे करंट सतत वाहायचा. समजा रेझिस्टर १० किलोओहम आणि सप्लाय ५ व्होल्ट आहे. एका गेटला अर्धा मिलिअँपिअर, तेही काही न करता. अशी हजार गेट घेतली आणि त्यातली निम्मी ० वर असली, तर पाव अँपिअर नुसतंच जळत राहणार.

हा प्रश्न फेअरचाइल्ड कंपनीतल्या फ्रँक वॉनलास या इंजिनिअरने सोडवला. १९६३ साली त्याने चि-तांग साह यांच्यासोबत या कल्पनेवर पेपर मांडला आणि त्याच वर्षी पेटंटचा अर्ज केला. ते पेटंट १९६७ साली मंजूर झालं. त्यांच्या पेपरच्या नावातच नॅनोवॉट हा शब्द होता. त्या काळी एक लॉजिक गेट बसल्या जागी मिलिवॉटमध्ये वीज खायचं. नॅनोवॉट म्हणजे त्याच्या दहा लाखावा भाग.

मोजून बघायचं ठरवलं

बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "दादा, जवळजवळ शून्य म्हणजे किती?" प्रश्न बरोबर होता. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून मी 74HC04 ही चिप आणली. या एका चिपमध्ये सहा सीमॉस इन्व्हर्टर असतात आणि तिला १४ पाय असतात. तिच्या डेटाशीटमध्ये लिहिलंय की खोलीच्या तापमानाला, काही हालचाल नसताना, पूर्ण चिप जास्तीत जास्त २ मायक्रोअँपिअर घेईल. याच कामाची, याच पायांची जुनी चिप 7404, जी सीमॉस नाही, ती आउटपुट ० की १ आहे त्यानुसार साधारण ६ ते १८ मिलिअँपिअर घेते. म्हणजे काही हजार पट जास्त!

बाकी सामान असं: ब्रेडबोर्ड, आर्डुइनो उनो, १०० पिकोफॅरडचा एक सिरॅमिक कपॅसिटर, ०.१ मायक्रोफॅरडचा एक, आणि स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर. चिपचा १४ नंबरचा पाय प्लस, ७ नंबरचा ग्राउंड. पहिल्या इन्व्हर्टरचं इनपुट १ नंबरवर, आउटपुट २ नंबरवर. आर्डुइनोच्या 5V पासून निघालेली वायर आधी मल्टिमीटरमध्ये आणि तिथून १४ नंबरला नेली, म्हणजे चिपला जाणारा प्रत्येक करंट मीटरमधून जाईल. मीटर 200µ वर ठेवला. लक्षात ठेवा, करंट मोजताना मीटर वाटेत जोडायचा असतो. प्लस आणि ग्राउंडला सरळ चिकटवलात तर मीटरचा फ्यूज उडेल.

०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या अगदी जवळ, १४ आणि ७ नंबरच्या मध्ये लावला. चिप करंट सतत घेत नाही, क्षणभराच्या झटक्यांमध्ये घेते. हा कपॅसिटर ते झटके स्वतः पुरवतो आणि मीटरला सरासरी करंट दिसतो.

आणि मी फसलो

पहिल्या इन्व्हर्टरचं इनपुट ग्राउंडला जोडलं आणि मीटर लावला. शून्याच्या आसपास काहीतरी दिसेल असं वाटलं होतं. मीटरवर नुसता १ आला, म्हणजे करंट रेंजच्या बाहेर. रेंज 20m वर नेली, तर दोन-अडीच मिलिअँपिअर, आणि आकडा सारखा नाचत होता. ब्रेडबोर्डवर हात नेला की वाढायचा, हात मागे घेतला की कमी. बहीण हसायला लागली. "हेच का तुझं जवळजवळ शून्य?"

मला वाटलं चिप खराब निघाली. दुसरी लावली, तीच कथा. मग ट्यूब पेटली. मी एकच इन्व्हर्टर वापरत होतो, पण उरलेल्या पाचांची इनपुट मी मोकळी सोडली होती. ३, ५, ९, ११ आणि १३ नंबरचे पाय हवेत लटकत होते.

सीमॉसचं मोकळं इनपुट म्हणजे ० नाही आणि १ सुद्धा नाही. गेट म्हणजे छोटा कपॅसिटर, त्याला कुठेच जोडलं नाही तर त्यावरचं व्होल्टेज कुठेही भरकटतं. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा आवाज, आपल्या हातावरचा चार्ज, सगळं त्यावर परिणाम करतं. भरकटत ते मधोमध, समजा अडीच व्होल्टजवळ आलं की पीमॉस अर्धवट चालू आणि एनमॉसही अर्धवट चालू. दोन्ही नळ थोडे थोडे उघडे! टाकीतलं पाणी सरळ गटारात.

मी ते पाचही पाय ग्राउंडला जोडले. मीटर परत 200µ वर आणला. आकडा आला 0.0. या रेंजवर मीटर ०.१ मायक्रोअँपिअरपर्यंत दाखवतो, त्यामुळे करंट त्याहूनही कमी होता. पहिलं इनपुट प्लसला जोडून बघितलं, तरी 0.0. चिप चांगलीच होती, चूक माझी होती.

म्हणून "सीमॉस स्टॅटिक करंट घेत नाही" या वाक्याला एक अट जोडलेली असते: इनपुट पक्कं ० किंवा पक्कं १ असलं पाहिजे. तुमच्या प्रोजेक्टमधली सीमॉस चिप कारण नसताना बॅटरी संपवत असेल, तर आधी मोकळी इनपुट शोधा. हात जवळ नेल्यावर करंट बदलत असेल तर दोष बहुतेक तिथेच असतो.

आता दांडी हलवायला सुरुवात

पुढे पहिल्या इनपुटला आर्डुइनोच्या ९ नंबरच्या पिनवरून स्क्वेअर वेव्ह दिली, म्हणजे सतत ०, १, ०, १. आर्डुइनोमध्ये हा छोटा कोड टाकला:

```
void setup() {
  pinMode(9, OUTPUT);
  TCCR1A = _BV(COM1A0);
  TCCR1B = _BV(WGM12) | _BV(CS10);
  OCR1A = 7;
}
void loop() {}
```

इथे `OCR1A = 7` ठेवलं की पिनवर १ मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे सेकंदाला दहा लाख वेळा वर-खाली. `79` ठेवलं तर १०० किलोहर्ट्झ, आणि `7999` ठेवलं तर १ किलोहर्ट्झ. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर, म्हणजे २ नंबरपासून ग्राउंडपर्यंत, १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला. हा आपला उभा पाइप, भरायचा आणि रिकामा करायचा.

१ किलोहर्ट्झला मीटरने ०.६ मायक्रोअँपिअर दाखवला. १०० किलोहर्ट्झला ६१. १ मेगाहर्ट्झसाठी रेंज 2000µ करावी लागली, आकडा आला ६१०. हालचाल दहापट झाली की करंट दहापट. चिप तीच, व्होल्टेज तेच, फक्त दांडी जास्त वेळा हलली.

मग १ मेगाहर्ट्झ तसंच ठेवून १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर काढून टाकला. करंट ६१० वरून १३० वर आला. म्हणजे त्या एका छोट्या कपॅसिटरपायी ४८० मायक्रोअँपिअर जात होते. हिशेब जुळतो का बघू. कपॅसिटर एकदा भरायला लागणारा चार्ज म्हणजे C गुणिले V. सेकंदाला f वेळा भरला तर सरासरी करंट

I = C × V × f

१०० पिकोफॅरड गुणिले ५ व्होल्ट गुणिले दहा लाख, म्हणजे ५०० मायक्रोअँपिअर. मीटरवर ४८० दिसले. म्हणजे माझा कपॅसिटर खरं तर ९६ पिकोफॅरडचा असावा. असे स्वस्त कपॅसिटर पाच-दहा टक्के इकडेतिकडे असतातच.

उरलेले १३० कुठून आले? तेही याच सूत्राने २६ पिकोफॅरड भरतात. डेटाशीटमध्ये एका इन्व्हर्टरच्या आतल्या खर्चाचा हिशेब २० पिकोफॅरड इतका दिलेला असतो. बाकीचे पाच-सहा पिकोफॅरड ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि वायर यांचे. आपण लावला नाही तरी कपॅसिटर असतोच, कारण जवळजवळच्या कुठल्याही दोन धातूच्या पट्ट्या मिळून कपॅसिटर बनतो.

वीज गेली कुठे?

इथे बहिणीने मला परत अडवलं. "कपॅसिटर तर चार्ज साठवतो ना? जाळत तर नाही. मग गरम काय होतं?"

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. पाण्याकडे परत येऊ.

गच्चीवरची टाकी उंचावर आहे. वरचा नळ उघडला की उभा पाइप तळापासून भरत जातो, शेवटी पाणी टाकीच्या पातळीला येऊन थांबतं. टाकीने दिलेलं सगळं पाणी पूर्ण उंचीवरून सुटलं होतं. पण पाइपमध्ये साठलेलं पाणी कुठे आहे? काही अगदी तळाला, काही मधे, काही वर. सरासरी उंची निम्मी. म्हणजे टाकीने जेवढी ऊर्जा दिली, तिच्यातली निम्मीच पाइपमध्ये उरली. बाकी निम्मी नळातून खळाळून येताना घासून संपली.

कपॅसिटरचंही तसंच आहे. बॅटरी सगळा चार्ज पूर्ण V व्होल्टवर देते, म्हणजे तिने C × V² इतकी ऊर्जा दिली. कपॅसिटरमध्ये साठते त्याच्या निम्मी, ½ × C × V². उरलेली निम्मी ऊर्जा भरतानाच पीमॉसमध्ये उष्णता होऊन जाते. नंतर इनपुट उलटं झालं की पीमॉस बंद, एनमॉस चालू, आणि साठवलेली निम्मी ऊर्जा एनमॉसमधून ग्राउंडकडे जाताना त्यात उष्णता होते. एक फेरी पूर्ण झाली आणि C × V² सगळं संपलं. निम्मं वरच्या ट्रान्झिस्टरमध्ये, निम्मं खालच्या. कपॅसिटर स्वतः गरम होत नाही, गरम होतात दोन नळ.

यात आणखी एक गंमत आहे. तुम्हाला वाटेल की नळ मोठा घेतला, म्हणजे कमी रेझिस्टन्सचा ट्रान्झिस्टर वापरला, तर नुकसान कमी होईल. होत नाही! पाइप लवकर भरेल, पण निम्मी ऊर्जा जाईलच. C × V² मध्ये रेझिस्टन्स कुठेच येत नाही.

माझ्या चिपचा हिशेब करू. ६१० मायक्रोअँपिअर गुणिले ५ व्होल्ट म्हणजे साधारण ३ मिलिवॉट. सेकंदाला दहा लाख फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ३ नॅनोज्यूल. तेवढ्याने चिप हाताला गरम लागत नाही.

याशिवाय एक छोटा खर्च असतो. इनपुट ० वरून १ वर जाताना मधल्या व्होल्टेजमधून जातंच, आणि त्या क्षणी दोन्ही नळ थोडे उघडे असतात. मघाशी मोकळ्या इनपुटमुळे जे सतत होत होतं, तेच इथे क्षणभर होतं. इनपुट झटकन बदललं तर हा खर्च किरकोळ असतो आणि डेटाशीटमधल्या त्या २० पिकोफॅरडमध्येच धरलेला असतो. पण इनपुट रेंगाळत वर चढलं तर तो वाढतो. म्हणून साध्या सीमॉस इनपुटला हळू बदलणारा सिग्नल देऊ नये.

हेच सगळं तुमच्या फोनमध्ये

आता पूर्ण सूत्र लिहू:

P = α × C × V² × f

यातला α म्हणजे दर फेरीला खरोखर किती जागा बदलतात त्याचं प्रमाण. फोनमध्ये C फारच छोटा असतो. समजा एका जागेचा कपॅसिटन्स १ फेम्टोफॅरड आहे, म्हणजे माझ्या कपॅसिटरच्या एक लाखावा भाग. व्होल्टेज ०.८ आणि क्लॉक ३ गिगाहर्ट्झ धरा. ती जागा दर फेरीला बदलत असेल तर खर्च साधारण १.९ मायक्रोवॉट. नगण्य वाटतं ना? पण अशा १० कोटी जागा घ्या आणि सगळ्या एकदम बदलू द्या: १९२ वॉट! फोन हातात धरता येणार नाही. त्यातल्या फक्त एक टक्का बदलत असतील तर २ वॉटपेक्षा किंचित कमी. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण मुद्दा कळला असेल. फोन गरम किंवा थंड राहण्यात α चा हात फार मोठा असतो.

बहिणीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं. फोन उशाशी पडलेला असतो तेव्हा प्रोसेसर चालू असला तरी त्यातल्या बहुतेक दांड्या हलतच नसतात. क्लॉकची वायर दर फेरीला हलते, म्हणून ज्या भागाला काम नाही त्याचा क्लॉकच अडवून ठेवतात. दांडी हलली नाही की C × V² लागत नाही. गेम सुरू झाला की ग्राफिक्सचा भाग, मेमरी, डिस्प्लेचं काम सगळं एकदम जागं होतं. α वाढतो, f वाढतो.

आणि V सुद्धा वाढतो, तो तर वर्गाने मोजला जातो. जास्त वेगाने चालायचं तर ट्रान्झिस्टरला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून फोन गरजेप्रमाणे दोन्ही एकदम वर-खाली करतो. समजा वेग निम्मा केला आणि व्होल्टेज १ वरून ०.७ वर आणलं. पॉवर ०.५ गुणिले ०.४९, म्हणजे आधीच्या पाव भागाहून थोडी कमी. काम पूर्ण व्हायला दुप्पट वेळ लागेल हे खरं. पण त्याच कामाला लागणारी ऊर्जा निम्म्यावर येते. नुसता वेग कमी केला आणि व्होल्टेज तेच ठेवलं असतं तर फोन थंड राहिला असता, पण तेवढ्याच कामाला बॅटरी तेवढीच गेली असती. बॅटरी सेव्हर मोडमध्ये प्रोसेसरचा वरचा वेग अडवतात, त्याचा फायदा मुख्यतः इथून येतो.

मग "जवळजवळ" का?

74HC04 चा 0.0 बघून तुम्हाला वाटेल, स्थिर फोन काहीच घेत नसेल. इथे एक मर्यादा आहे. बंद ट्रान्झिस्टर म्हणजे पूर्ण घट्ट बंद नळ नव्हे, तो किंचित ठिबकतो. व्होल्टेज कमी करायचं तर ट्रान्झिस्टर कमी व्होल्टेजला चालू व्हावा लागतो. आणि जो सहज चालू होतो, तो नीट बंद होत नाही. ज्या व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होतो ते साधारण १०० मिलिव्होल्टने खाली आणलं की ठिबकणं जवळपास दहापट होतं.

ट्रान्झिस्टर थोडे असतील तर फरक पडत नाही. पण समजा १,००० कोटी ट्रान्झिस्टर आहेत आणि प्रत्येकातून ०.१ नॅनोअँपिअर ठिबकतोय. बेरीज झाली १ अँपिअर. ०.७ व्होल्टला ते ०.७ वॉट. ५,००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी, जिच्यात साधारण १९ वॉट-तास असतात, काहीही न करता २७ तासांत संपेल.

म्हणून आजच्या चिपमध्ये क्लॉक अडवून भागत नाही, झोपलेल्या भागाचा सप्लायच तोडतात. टाकीकडून येणारा मोठा व्हॉल्व्हच बंद. तो भाग परत जागा करायला थोडा वेळ आणि थोडी ऊर्जा लागते, म्हणून अगदी क्षणभराच्या विश्रांतीसाठी हे परवडत नाही.

ठिबकणं तापमानाबरोबर वाढतं, हेही ध्यानात ठेवा. उन्हात तापलेल्या फोनचे ट्रान्झिस्टर थंड फोनपेक्षा जास्त ठिबकतात, त्याने उष्णता वाढते, मग ठिबकणं आणखी वाढतं. म्हणूनच एका मर्यादेनंतर फोन स्वतःहून वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो.

बहीण संध्याकाळी परत निघाली. भाईंदर स्टेशनवर विरार लोकलची वाट बघताना तिने फोन काढला, गेम उघडला आणि परत बंद केला. म्हणाली, "दादा, म्हणजे गेम बंद केला की दांड्या थांबल्या. राहिलं फक्त ठिबकणं."

"आणि स्क्रीन," मी म्हटलं. "आणि नेटवर्क शोधणारा रेडिओ. त्यांचा हिशेब वेगळा. पण प्रोसेसरपुरतं विचारशील तर हो, एवढंच."